‘मेंटेनन्स’चा गोरेपणा

माझ्या मावसबहिणीची मंगनी ठरली तेव्हा मुलाकडच्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “मुलगी छान आहे, रंग जरा दबलेला आहे.” तेवढं एक वाक्य पुरलं. पंधरा दिवसांत खालांनी पार्लरमध्ये ग्लुटाथायोनच्या बारा इंजेक्शनांचं पॅकेज ठरवलं. मी फार्मसी शिकलेली, म्हणून मला विचारलं गेलं; पण पैसे भरून झाल्यावर.

निकाहच्या दिवशी ती थोडी उजळ दिसत होती, हे मी नाकारत नाही. पाच महिन्यांनी माहेरी आली ती आपल्या नेहमीच्या रंगात. पार्लरने सांगितलं, “मेंटेनन्स डोस घ्यावा लागेल, दर महिन्याला.” तिने मला फोन केला, “आपा, माझ्यातच काही दोष आहे का?”

तिच्यात दोष नव्हता. औषध मुळात एवढंच करू शकतं.

ग्लुटाथायोन आपलं शरीर स्वतःच बनवतं, मुख्यतः यकृतात. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार होताना टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं. ग्लुटाथायोन त्याचं काम मंदावतं आणि गडद मेलॅनिनऐवजी फिकट, पिवळसर-लाल मेलॅनिन बनण्याकडे कल वळवतं. दावा इथून सुरू होतो, आणि कागदावर तो खरा आहे.

पण मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी त्वचेच्या तळाशी जागच्या जागी असतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत त्यांची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कोणतं मेलॅनिन बनवतात यात, आणि ते जन्मजात ठरलेलं असतं. शिरेतून दिलेलं ग्लुटाथायोन रक्तातून लवकर निघून जातं. ब्रेक सुटला की पेशी पुन्हा आपलं काम करू लागतात, आणि काही आठवड्यांत वरची त्वचा झडून खालची नवी, मूळ रंगाची त्वचा वर येते. गोळीची गत आणखी वाईट. आतड्यातच तिचे तुकडे होतात, रक्तात पोहोचतं ते थोडंच. काही छोट्या चाचण्यांत गोळ्यांनी किंचित फरक दिसला, तोही शरीराच्या मोजक्याच भागांवर.

इंजेक्शनांची एक चाचणी पाकिस्तानात झाली, तिचा अहवाल २०१६ साली आला. ५० बायका होत्या. निम्म्यांना १२०० मिलिग्रॅम ग्लुटाथायोन आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे दिलं. म्हणजे बरोबर बारा इंजेक्शनं. उरलेल्यांना नुसतं सलाईन. औषध घेणाऱ्यांत सुमारे ३७ टक्क्यांना फरक दिसला. पण नुसतं सलाईन घेणाऱ्यांतही सुमारे १९ टक्क्यांना दिसलाच! सहा महिन्यांनी हा उजळपणा फक्त एकीत टिकला होता. औषध घेणाऱ्यांपैकी आठ जणींच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या आणि एकीला जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी झाली.

आता ‘मेंटेनन्स’ या शब्दाकडे पुन्हा पाहा. रंग टिकत नाही म्हणून इंजेक्शन चालू ठेवायचं, म्हणजे हाच धोका दर महिन्याला नव्याने पत्करायचा. फिलिपाइन्समध्ये ही इंजेक्शनं फार खपली, तेव्हा तिथल्या औषध नियामकाने २०११ साली जाहीर इशारा दिला: त्वचा उजळण्यासाठी या इंजेक्शनाला मान्यता नाही, मूत्रपिंड निकामी होणं, त्वचा सोलवटून निघणं असे गंभीर परिणाम होऊ शकतात. तिथे त्याची मान्यता होती ती कॅन्सरच्या केमोथेरपीत पूरक म्हणून.

पार्लरमध्ये त्यासोबत बहुधा व्हिटॅमिन सी मोठ्या प्रमाणात देतात. ज्यांच्या रक्तात जी-६-पीडी एन्झाइमची जन्मजात कमतरता आहे, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. ती कमतरता अनेकांना माहीतही नसते. माझ्या बहिणीला कुणी विचारलं नव्हतं. रक्ततपासणीही केली नव्हती. सुई टोचणारी मुलगी नर्सही नव्हती, आणि अ‍ॅलर्जीचा झटका आलाच असता तर लागणारं अ‍ॅड्रिनॅलिन तिथे ठेवलेलं नव्हतं.

ज्यांनी आधीच घेतलं आहे त्यांनी घाबरू नये, पण लपवूही नये. इंजेक्शननंतर दम लागला, चेहरा सुजला, तोंडात किंवा अंगावर फोड आले, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर पार्लरला फोन न करता थेट हॉस्पिटल गाठा आणि काय टोचलं ते डॉक्टरांना सांगा. रिकामी बाटली सोबत न्या.

बहिणीने दुसरं पॅकेज घेतलं नाही. तिच्या नवऱ्याला मी एकदा सहज विचारलं, रंग उतरल्याचं लक्षात आलं का? तो म्हणाला, “कोणता रंग?” खाला शेजारीच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण धाकटीच्या रिश्त्यासाठी जो बायोडाटा निघाला, त्यात ‘रंग’ हा रकाना नव्हता.