घर-संसार : बिनफ्रेमचा आरसा आणि त्याची काळी पडणारी कड

कवठे महांकाळहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या न्हाणीघरात बेसिनच्या वर दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच असा बिनफ्रेमचा आरसा आहे. बसवून तीन वर्षेही झाली नाहीत, तोच त्याची खालची कड काळी पडली आणि मधोमध रुपयाएवढे पाच काळपट डाग उमटले. आता नवा आरसा आणायचा आहे. घरातले म्हणतात, पुन्हा चिकटवूनच घेऊ. भावाचे म्हणणे, स्क्रू मारून पक्का करा. घरात लहान मुले आहेत, म्हणून आरसा निखळण्याची धास्तीही आहे. 'यातले काय बरोबर?' असे त्यांनी विचारले आहे. हा प्रश्न अनेक घरांतला आहे, म्हणून उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

आधी आरसा काळा का पडतो ते पाहू. आपण अजूनही 'आरशाचा पारा उडाला' असे म्हणतो. जुन्या काळी काचेमागे कथील आणि पारा यांचा थर देत, तेव्हाचा हा शब्द आहे. आजच्या आरशात पारा नसतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ जस्टस फॉन लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकात काचेवर चांदीचा थर बसवण्याची रीत शोधली. आजचे आरसे त्याच वाटेने बनतात. काचेच्या पाठीवर चांदीचा अतिशय पातळ थर आणि त्यावर संरक्षणासाठी रंग, अशी त्याची रचना असते. पाठीमागून चांदी रंगाखाली झाकलेली असते. पण काचवाल्याने मोठ्या तक्त्यातून आपल्या मापाचा तुकडा कापला की चारही कडांना ती उघडी पडते. फ्रेम असेल तर ही कड थोडीफार झाकली जाते. बिनफ्रेमच्या आरशात ती न्हाणीघराच्या वाफेला आणि पाण्याला थेट तोंड देते. पाणी कडेवर थांबले की रंग आणि काच यांच्यामध्ये शिरते, चांदी काळवंडते आणि हळूहळू आत सरकत जाते.

खालचीच कड आधी का गेली, हेही यावरून कळते. अंघोळीची वाफ काचेवर थंड होऊन थेंब बनते आणि थेंब ओघळून खालच्या कडेला लोंबत राहतात. शिवाय बेसिनवर दिवसातून पाच वेळा वुजू होतो. चेहऱ्यावर आणि कोपरापर्यंत घेतलेल्या पाण्याचे शिंतोडे आरशाच्या खालच्या भागावर उडतात. एक थेंब वाळायच्या आत दुसरा येतो, म्हणून ती कड जवळजवळ कधीच कोरडी होत नाही.

मधले पाच डाग मात्र पाण्याचे नव्हेत. पत्रात एक बारीकशी गोष्ट लिहिली आहे आणि तिनेच उलगडा होतो : आरसा बसवला तेव्हा दोन दिवस न्हाणीघरात सिरक्यासारखा आंबट वास येत होता. बाजारात काच चिकटवायचे सिलिकॉन दोन प्रकारचे मिळते. एक वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडते, म्हणजे सिरक्यातलेच आंबट द्रव्य. फिशटँक किंवा साध्या काचेला ते चालते. आरशाच्या पाठीवर मात्र ते रंगातून झिरपून चांदी खाते. जिथे गोळा लावला तिथेच, गोळ्याच्या आकाराचा डाग पुढून दिसू लागतो. पाच गोळे, पाच डाग. दुसरा प्रकार 'न्यूट्रल' म्हणून मिळतो. त्याला आंबट वास नसतो आणि आरशासाठी तोच घ्यायचा. ट्यूबवर 'न्यूट्रल' लिहिलेले आहे का आणि आरशाला चालेल असे म्हटले आहे का, ते वाचूनच पैसे द्यावेत. मिस्त्रीने आणलेली उघडी ट्यूब असेल तर कागदावर थोडे काढून वास घ्यावा. आंबट आला तर आरशाला लावू देऊ नये.

आता चिकटवायचे की स्क्रू, हा मुख्य प्रश्न. याचे उत्तर आरशापेक्षा भिंतीत आहे. दोन बाय तीन फुटांचा पाच मिलिमीटर जाडीचा आरसा सुमारे सात किलो भरतो. चांगले सिलिकॉन एवढे वजन सहज पेलते. पण सिलिकॉन आरशाला टाइल्सशी जोडते, भिंतीशी नव्हे. आपल्याकडे बऱ्याच घरांत टाइल्सच्या मागे सिमेंटचा गोळा मधोमध दाबून बसवलेला असतो आणि कडेला पोकळी राहते. अशी टाइल स्वतःच सैल असेल तर एक दिवस ती आरशासकट खाली येईल. म्हणून जुना आरसा काढल्यावर त्या जागेच्या प्रत्येक टाइलवर नाण्याने ठोकून पाहावे. ठाम, बसका आवाज आला तर ती घट्ट आहे. मडक्यासारखा आवाज आला तर मागे पोकळी आहे.

सगळ्या टाइल्स घट्ट असतील तर चिकटवणे उत्तम, कारण आरशाला भोक पाडावे लागत नाही. पण चिकटवण्याची रीत महत्त्वाची आहे. टाइल्सवरचा साबणाचा व तेलकट थर पुसून भिंत पूर्ण कोरडी करावी. आरशाच्या पाठीवर न्यूट्रल सिलिकॉनच्या उभ्या पट्ट्या ओढाव्यात. दोन फूट रुंदीला चार पट्ट्या पुरतात, आणि सगळ्या कडांपासून दोन-दोन इंच आत असाव्यात. गोळे लावू नयेत आणि चौकोनी कडेही काढू नये. उभ्या पट्ट्यांमधून मागे गेलेली ओल खाली उतरते आणि हवा खेळते; बंद कडे केले तर ओल आतच कोंडते. शिवाय कड्याच्या मधले सिलिकॉन हवेअभावी नीट वाळतही नाही, कारण ते हवेतल्या दमटपणानेच घट्ट होते. पट्ट्यांच्या मध्ये तीन मिलिमीटर जाडीच्या दुतर्फी फोम टेपचे चार तुकडे लावावेत. त्यामुळे आरसा भिंतीला पूर्ण टेकत नाही, मागे फट राहते आणि सिलिकॉन वाळेपर्यंत आधारही मिळतो. खालून लाकडी पट्टीचा टेकू एक दिवस ठेवावा आणि दोन दिवस तिथे गरम पाण्याची अंघोळ टाळावी.

टाइल्स पोकळ वाजत असतील तर स्क्रूच योग्य, कारण स्क्रूचा भार थेट विटेच्या भिंतीवर जातो. भोके आरसा आणतानाच काचवाल्याकडून पाडून घ्यावीत. चारही भोकांचा मध्य कडेपासून किमान दोन इंच आत असावा, नाहीतर कोपरा तडकतो. भोक स्क्रूपेक्षा मोठे हवे आणि त्यात प्लास्टिकची नळी हवी, म्हणजे लोखंड काचेला लागत नाही. मागे आणि पुढे रबरी वायसर घालावेत. मागचा वायसर तीन मिलिमीटर जाड असला की इथेही भिंत आणि आरसा यांच्यात हवेची फट मिळते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. साधा गंजला की त्याचा तांबडा ओघळ काचेवर उतरतो.

भिंतीत भोक पाडताना टाइलवर कागदी टेप लावून खूण करावी, म्हणजे ड्रिल घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हातोडा बंद ठेवावा, मग विटेसाठी सुरू करावा. प्लास्टिकची गट्टी टाइलच्या मागे, पूर्णपणे विटेत जायला हवी. ती टाइलमध्येच अडकली तर स्क्रू आवळताना फुगते आणि पोकळ टाइल फोडते. नळाच्या आणि गिझरच्या सरळ रेषेत वर-खाली भोक पाडू नये, कारण भिंतीतला पाइप बहुधा त्याच रेषेत असतो. शेवटी स्क्रू मशीनने आवळू नये. हाताने फिरवावा आणि रबराने काच धरली की थांबावे. बसवताना न तडकलेली काच जास्त आवळल्यामुळे काही दिवसांनी भोकापासून तडकते.

स्क्रूची एक उणी बाजू लक्षात ठेवावी. प्रत्येक भोक म्हणजे आणखी एक कापलेली कड, तिथेही चांदी उघडी आहे. म्हणून कडेचा बंदोबस्त दोन्ही पद्धतींत करायचाच, आणि तो आरसा भिंतीवर जाण्याआधी, कारण नंतर पाठीमागे हात पोहोचत नाही. काचवाल्याकडून कडा घासून पॉलिश करून घ्याव्यात. खडबडीत कडेत पाणी धरून राहते. घरी आणल्यावर कडा कोरड्या कापडाने पुसून आरशाच्या कडेसाठी मिळणारे सीलर लावावे. ते मिळाले नाही तर हातमोजा घालून बोटाने न्यूट्रल सिलिकॉनचा पातळ हात फिरवावा. काचेची जाडी आणि मागच्या रंगाची तीन-चार मिलिमीटर पट्टी झाकली गेली पाहिजे. भोकांच्या आतूनही तसेच करावे. एक दिवस वाळू द्यावे, मग बसवावे.

बसवल्यानंतर आरसा आणि टाइल यांच्यातली फट सगळीकडून बुजवण्याचा आग्रह काही मिस्त्री धरतात. वरच्या बाजूला बारीक रेघ चालेल, म्हणजे वरून ओघळणारे पाणी मागे जात नाही. खालची बाजू मात्र उघडीच ठेवावी, नाहीतर मागची ओल खालच्या कडेवर साचते. आरशाखाली ॲल्युमिनियमची पट्टी लावली तर तिला पाणी जाण्यासाठी भोके असली पाहिजेत. आणि आरसा बेसिनला किंवा ग्रॅनाइटला टेकवू नये. नळापासून अर्धा फूट वर असला तर वुजूचे पाणी कमी पोहोचते.

शेवटचा मुद्दा तालुक्याच्या पाण्याचा. या दुष्काळी पट्ट्यात अनेक घरांत बोअरचे जड पाणी वापरतात. त्याचे पांढरे डाग टाइल्सवर धरतात आणि ते काढायला ॲसिड वापरले जाते. ॲसिड आरशाला लागले नाही तरी त्याची वाफ कडेतून शिरून चांदी काळी करते. ॲसिडऐवजी सौम्य साबण आणि घासणी बरी. वापरावेच लागले तर खिडकी उघडी ठेवावी, आरशावर प्लास्टिक बांधावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे. आरसा पुसताना फवारा काचेवर मारू नये, कापडावर मारावा, आणि अमोनिया असलेले द्रव टाळावे. रोज रात्री खालची कड कोरड्या फडक्याने टिपून घ्यावी.

तेव्हा पत्रलेखिका भगिनींनी आधी नाणे घेऊन टाइल्स ठोकून पाहाव्यात. एकही टाइल पोकळ वाजली तर भावाचे ऐकावे. सगळ्या घट्ट निघाल्या तर घरच्यांचे, पण सिलिकॉन मात्र बिनवासाचे. जुना आरसा काढताना मागून मासेमारीची नायलॉन दोरी करवतीसारखी ओढून सिलिकॉन कापावे. आधी काचेवर टेपच्या पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटवाव्यात, दोघांनी धरावे आणि मुलांना त्या वेळी बाहेर ठेवावे.