दोन भावांमधली फट आणि साठ कोटी पौंडांचा प्रश्न

२८ डिसेंबर २०११ रोजी डब्लिनजवळच्या लेपर्ड्सटाउन येथील शर्यतीत 'वोलेर ला वेदेत' ही घोडी सहज जिंकत असताना 'बेटफेअर' या ब्रिटिश बेटिंग एक्स्चेंजवर तिच्या विजयासाठी २९ चा भाव उपलब्ध होता. लावलेल्या सुमारे २ कोटी १० लाख पौंडांवर देणे जवळपास ६० कोटींचे होत होते. ही बोली संगणकप्रणालीने लावली होती आणि तिच्या मालकाच्या खात्यात हजार पौंडही नव्हते, असे पुढे उघड झाले. तांत्रिक दोषामुळे मर्यादा ओलांडली गेल्याचे सांगत कंपनीने शर्यत सुरू असतानाचे सर्व सौदे रद्द केले.

अशा प्रणाली करतात काय, हे समजून घेण्याजोगे आहे. एक्स्चेंजवर कंपनी पैज घेत नाही. एक ग्राहक घोड्यावर पैसे लावतो, तर दुसरा त्याच्या विरुद्ध बाजू घेतो. आपल्याकडच्या सट्टेबाजारात यालाच 'लगाई' आणि 'खाई' म्हणतात. भाव पुरवणारा दोन्ही बाजूंना बोली ठेवून मधली फट कमावतो.

समजा, घोड्याची जिंकण्याची शक्यता २५ टक्के, म्हणजे रास्त भाव ४ आहे. भाव पुरवणारा ४.१ ला १०० पौंड लावण्याची आणि ३.९५ ला सुमारे १०३.८० पौंड खाण्याची बोली ठेवतो. दोन्ही पुरत्या झाल्या, तर घोडा जिंको वा हरो, ३.८० पौंड त्याचे. कमिशन त्यातूनच जाते.

धोका एकच बोली पुरी होण्यात आहे. शर्यत सुरू झाल्यावर चित्रवाणीवरील दृश्य काही सेकंद मागे असते. मैदानावर उभ्या असलेल्याला घोडा अडथळ्यावर अडखळलेला आधी दिसतो आणि तो ४.१ ची बोली तत्काळ उचलतो. खाण्याची बोली तशीच राहते. घोडा हरला की १०० पौंड बुडतात, म्हणजे सव्वीस यशस्वी फेऱ्यांची कमाई. उलट घोडा मुसंडी मारू लागला, तर खाण्याचीच बोली उचलली जाते आणि देणे ३०६ पौंडांवर जाते. बोली पुरी होताच भाव आपल्या विरुद्ध सरकत असेल, आणि हे वारंवार घडत असेल, तर समोरच्याकडे अधिक ताजी माहिती आहे असे ओळखावे.

म्हणूनच जाणकार शर्यत सुटण्यापूर्वी दोन्ही बाजू जुळवून बोली मागे घेतात आणि देण्याची कमाल मर्यादा प्रणालीतच बांधतात. लेपर्ड्सटाउनला ही वेसण सुटली होती. भारतात २०२५ साली संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केल्याने हा व्यवहार येथे वैध नाही. तरीही संगणकाने लावलेला भाव भरवशाचा नसतो, हा धडा कोणत्याही बाजाराला लागू आहे: भावामागे तो निभावण्याइतका पैसा आहे का, हे आधी तपासले पाहिजे.