प्रश्न इंग्रजीत, उत्तर मराठीत

ज्या भाषेत प्रश्न आला त्याच भाषेत उत्तर द्यावं, हा शिष्टाचार आपल्या इतका अंगवळणी पडलाय की त्यावर कुणी शंकाही घेत नाही. सरकारदरबारी तर तो नियमच आहे. केंद्राच्या राजभाषा नियम, १९७६ नुसार केंद्रीय कार्यालयाकडे हिंदीत पत्र आलं तर उत्तर हिंदीतच जायला हवं. त्या नियमाशी माझं भांडण नाही. पत्र लिहिणारा आणि उत्तर वाचणारा एकच माणूस असतो, तोवर तो चोख चालतो.

परळच्या ओपीडीत मात्र तो लागू पडत नाही. तिथे विचारतो एक आणि उत्तर घेऊन जगायचं असतं दुसऱ्याला. तिशीतला मुलगा इंग्रजीत विचारतो. लालबागच्या चाळीत चाळीस वर्षं काढलेली त्याची आई शेजारच्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असते. डॉक्टर शिष्टाचार पाळतात, म्हणजे मुलाकडे बघून इंग्रजीत उत्तर देतात. आजार आईला, गोळ्या आईच्या पोटात जाणार आणि माहिती जाते मुलाच्या कानात. माझं म्हणणं एवढंच आहे की उत्तराची भाषा विचारणाऱ्याने नाही, वापरणाऱ्याने ठरवायची.

मुलगा इंग्रजीत का विचारतो, यावर त्याला झोडपण्यात मला रस नाही. गिरगाव, दादर, परळ, कुठेही बघा, आपल्या पिढीतली निम्मी मुलं इंग्रजी माध्यमात गेली. आदल्या रात्री त्याने फोनवर आजाराबद्दल जे वाचलं ते इंग्रजीत होतं, रिपोर्ट इंग्रजीत होता, त्यामुळे प्रश्नही डोक्यात इंग्रजीतच तयार झाला. शिवाय इंग्रजीत विचारलं की डॉक्टर जरा नीट बोलतात, हाही अनुभव आहे आणि तो खोटा नाही. विचारा खुशाल इंग्रजीत. पण प्रश्नाची भाषा ही तुमची सोय आहे, उत्तराची भाषा हा वेगळा निर्णय आहे, आणि तो मोठ्याने बोलून दाखवावा लागतो.

न बोलल्यावर काय होतं ते सांगतो. माझी आत्या बासष्ट वर्षांची, हाताच्या बोटांच्या सांध्यांना सूज, आमवात. सोबत आतेभाऊ, दादरच्या इंग्रजी शाळेत शिकलेला, हुशार. कुठलं हॉस्पिटल ते महत्त्वाचं नाही. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केली, अडीच मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या, म्हणजे पंधरा मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. आठवड्यातून एकदा, हे इथे सगळ्यात महत्त्वाचे शब्द. आमवातासाठी ही गोळी रोज घ्यायचीच नसते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी खाली जातात आणि माणूस दगावूही शकतो. आठवड्याची गोळी रोज घेतली जाणं ही घोडचूक जगभरच्या डॉक्टरांना आणि फार्मासिस्टना नावानिशी ठाऊक आहे.

आतेभावाने सगळं विचारलं. साइड इफेक्ट्स काय, रक्त कधी तपासायचं, फॉलिक अॅसिड कशासाठी. डॉक्टरांनी पाच मिनिटं नीट समजावून सांगितलं, सगळं इंग्रजीत, काही लपवलं नाही. मग आत्याकडे वळून मराठीत म्हणाले, ‘काळजी करू नका हं, गोळ्या वेळेवर घ्या.’

वीस वर्षं रोज सकाळी बीपीची गोळी घेणाऱ्या बाईला ‘वेळेवर’ म्हणजे काय वाटेल? रोज. आतेभावाने टॅक्सीत एकदा सांगितलं होतं म्हणे, पण मग तो ऑफिसला गेला. आत्याने चिठ्ठी बघितली. तिच्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे, त्यातला सहाचा आकडा तिला कळला. महिन्याच्या चोवीस गोळ्या चार दिवसांत संपल्या. पाचव्या दिवशी ती खालच्या मेडिकलमध्ये आणखी आणायला गेली, तेव्हा काउंटरवरच्या माणसाने विचारलं, ‘काकू, महिन्याच्या गोळ्या इतक्यात कशा संपल्या?’ त्याच्या त्या मराठी प्रश्नाने ती वाचली. तोवर तोंड आलं होतं, पांढऱ्या पेशी घसरल्या होत्या, दहा दिवस दाखल राहावं लागलं.

आता कुणी म्हणेल, हा प्रकार भाषेचा नाही, निष्काळजीपणाचा आहे. मग त्या संवादात काय कुठल्या भाषेत गेलं ते बघा. आकडे, दिवस, धोके, तपासण्या इंग्रजीत. धीर मराठीत. आपल्याकडे दवाखान्यात ही वाटणी सर्रास चालते. इंग्रजी ही माहितीची भाषा, मराठी ही पाठीवर हात फिरवायची. आईला मराठीत ‘काही नाही, बऱ्या व्हाल’ एवढं ऐकवलं की सगळ्यांना वाटतं आपण तिच्याशी बोललो. मला ही वाटणी अपमानकारक वाटते. धीर कमी द्या, पण वार मराठीत सांगा.

‘मराठीत मेडिकलचे शब्द कुठे आहेत?’ हा आक्षेप मी इतक्यांदा ऐकलाय की त्याला दोनच वाक्यं देतो. मेथोट्रेक्सेट मेथोट्रेक्सेटच राहू दे, लिव्हरला यकृत म्हणायची गरज नाही. ‘दर रविवारी रात्री जेवल्यावर सहा गोळ्या एकदम, इतर दिवशी एकही नाही’ यात कुठला शब्द मराठीत नाही? खरा घोळ होतो तो मराठी वाक्यात अर्धवट उचललेल्या इंग्रजीने. ‘रिपोर्ट निगेटिव्ह आलाय’ म्हटल्यावर रडायला लागलेली माणसं मी पाहिली आहेत, कारण निगेटिव्ह म्हणजे वाईट. ‘ही एसओएस घ्या’ म्हणजे दुखलं तरच घ्या, हे कुणी सांगितलं नाही तर ती दिवसातून तीनदा घेतली जाते.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. पुष्कळ मुलं इंग्रजी मुद्दाम वापरतात. परळला तर फारच. आईला कॅन्सर आहे हे तिला कळू नये म्हणून तिच्या देखत इंग्रजीत बोलायचं. इंग्रजी हा पडदा असतो, आणि त्यामागे प्रेम असतं हे मला मान्य आहे. तरीही हा पडदा टिकत नाही. आईला शब्द कळत नाहीत, पण मुलाचा चेहरा कळतो, वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईला काय झालंय ते कळतं. उलट तिला विचारता काहीच येत नाही. केस जातील का, गणपतीत घरी असेन का, नातीच्या बारशाला बसता येईल का, हे प्रश्न तिच्याजवळच राहतात. काही माणसांना खरंच सगळं ऐकायचं नसतं. तो त्यांचा हक्क आहे. पण मग आधी तिलाच विचारा, मराठीत, ‘आई, डॉक्टर सांगतील ते तुला सगळं ऐकायचंय, की मी ऐकू?’ ती ‘तूच ऐक’ म्हणाली तर तिला बाहेर बसवा आणि हवं त्या भाषेत बोला. तिच्या समोर, तिच्याबद्दल, तिला न कळणाऱ्या भाषेत बोलणं हा तिसरा पर्याय नाही.

तर हे सांगायचं कसं? ‘मराठीत सांगितलं तर बरं होईल’ याचा काही उपयोग नाही. ती इच्छा झाली, सूचना नव्हे. ‘आईला इंग्रजी येत नाही हो’ हे तर त्याहून वाईट. डॉक्टर लगेच आवाज चढवतात आणि लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलू लागतात. आणि शेवटी ‘जरा मराठीत पण सांगा ना’ म्हणालात तर पाच मिनिटांचं सार एका वाक्यात मिळतं. आत्याच्या वेळी तेच झालं होतं.

आत्याला पुढच्या खेपेला मी घेऊन गेलो. केसपेपर टेबलावर ठेवला आणि पहिला प्रश्न विचारायच्या आधीच म्हणालो, ‘डॉक्टर, मला हे शब्द इंग्रजीतच येतात, म्हणून मी इंग्रजीत विचारेन. पण गोळ्या आत्या घेणार आहे, त्यामुळे उत्तर तिच्याकडे बघून मराठीत द्या. गोळीचं आणि तपासणीचं नाव इंग्रजीत चालेल.’ एवढंच. त्यांना राग आला नाही. लोकांना वाटतं तसा येत नाही, कारण तुम्ही त्यांचं इंग्रजी नाकारत नसता, फक्त ऐकणारा बदलत असता.

तिसऱ्या प्रश्नाला गाडी पुन्हा इंग्रजीवर घसरली. हे होतंच, माझा प्रश्न इंग्रजी असल्यामुळे त्यांची मान माझ्याकडे वळत होती. तेव्हा परत सगळं भाषण द्यायचं नाही. मी फक्त ‘आत्याला’ म्हणालो आणि खुर्ची थोडी मागे घेतली. मग डॉक्टरांनीच एक चांगली गोष्ट केली. आत्याला म्हणाले, ‘आता तुम्ही मला सांगा, कशा घेणार?’ ती म्हणाली, ‘दर रविवारी, सहा एकदम. सोमवारी ती पिवळी. तोंड आलं, ताप आला, खोकला धरला तर पुढची घ्यायची नाही, इथे यायचं.’ आणि मग तिने असा प्रश्न विचारला जो माझ्या किंवा आतेभावाच्या डोक्यात कधीच आला नसता: ‘रविवारी संकष्टी आली तर?’ डॉक्टर हसले. म्हणाले, ‘चंद्र बघून जेवलात की मग घ्या.’

डॉक्टर परप्रांतीय असले, तर? मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांत देशभरातून आलेले निवासी डॉक्टर असतात, त्यांना मराठी यायलाच हवी अशी दमदाटी ओपीडीच्या रांगेत करण्यात अर्थ नाही. त्यांना पर्याय क्रमाने सांगा: ‘मराठी येत असेल तर मराठी. नसेल तर हिंदी, पण तिच्याशी. आणि गोळ्यांचं तेवढं सिस्टरना मराठीत सांगायला सांगा.’ बहुतेक ठिकाणी सिस्टर किंवा मावशी दोन मिनिटांत ते काम करतात. मग आईला तिच्या शब्दांत परत म्हणायला लावा, डॉक्टरांसमोरच.

आणि चिठ्ठी. ती इंग्रजीतच राहणार, कारण ती मेडिकलवाल्यासाठी असते. पण गोळ्यांच्या पाकिटावर तिथेच, बाहेर पडायच्या आधी, देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. आत्याच्या पाकिटावर मी लिहिलेलं असं आहे: ‘फक्त रविवार. रात्री जेवल्यावर ६ गोळ्या एकदम. सोमवार ते शनिवार यातली एकही नाही.’