विश्लेषण : अनोळखी ग्राहकाला पाठवलेला ईमेल स्पॅममध्ये का जातो? सब्जेक्ट लाइन कशी असावी?

अहिल्यानगरच्या नागापूर एमआयडीसीतील लहान कारखान्यांना नवे काम मिळवण्यासाठी सुपे, रांजणगाव, चाकण येथील मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागांपर्यंत पोहोचावे लागते. पूर्वी हे काम ओळखीतून, प्रदर्शनातून किंवा गेटवर व्हिजिटिंग कार्ड देऊन होत असे. आता पहिला संपर्क बहुतेक वेळा ईमेलने होतो. ओळख नसलेल्या व्यक्तीला कामासाठी पाठवलेल्या अशा ईमेलला ‘कोल्ड ईमेल’ म्हणतात. तो उघडायचा की नाही, हे समोरचा माणूस पाठवणाऱ्याचे नाव आणि सब्जेक्ट लाइन पाहून काही क्षणांत ठरवतो. म्हणूनच ही ओळ भडक करण्याचा मोह होतो. मात्र गेल्या दोन वर्षांत ईमेल सेवांचे नियम बदलले असून, भडक ओळ आता पाठवणाऱ्याच्याच अंगलट येते.

नियमांत काय बदलले?

गुगल आणि याहू यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नवे नियम जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२४ पासून ते लागू होऊ लागले. दिवसाला पाच हजारांहून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांवर जास्त अटी आहेत. मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकच्या वैयक्तिक खात्यांसाठी मे २०२५ मध्ये अशाच अटी आणल्या. नोव्हेंबर २०२५ पासून जीमेलने अटी न पाळणाऱ्यांवरील कारवाई आणखी कडक केली आहे.

लहान उद्योजकाच्या दृष्टीने यातील एक आकडा महत्त्वाचा आहे. जीमेलच्या वैयक्तिक खात्यांवर ईमेल पाठवणाऱ्या प्रत्येकाने स्पॅम तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे, असे गुगल सांगते. शक्यतो ते ०.१ टक्क्याच्याही खाली असावे, अशी अपेक्षा आहे. याचा अर्थ हजार ईमेलमागे तीन जणांनी ‘स्पॅम’चे बटण दाबले, की मर्यादा गाठली जाते. लोक हे बटण कधी दाबतात? ईमेल नकोसा असतो तेव्हा आणि त्याहून जास्त, आपण फसवले गेलो असे वाटते तेव्हा. फसवी सब्जेक्ट लाइन ईमेल उघडायला लावते, पण पुढच्याच क्षणी तक्रारही ओढवून घेते. ही तक्रार त्या एका ईमेलपुरती राहत नाही. पाठवणाऱ्याच्या डोमेनची पत घसरते आणि त्यानंतरचे कोटेशनही स्पॅममध्ये जाऊ शकते.

‘फ्री’ शब्द टाळला की काम होते का?

‘फ्री’, ‘ऑफर’, ‘अर्जंट’ हे शब्द वापरले की ईमेल स्पॅममध्ये जातो, अशा याद्या फिरत असतात. पण एखाद्या शब्दामुळे ईमेल अडण्याचा काळ मागे पडला. आजचे फिल्टर अनेक खुणा एकत्र पाहतात. ईमेल खरोखर त्या डोमेनवरून आला आहे का, त्या डोमेनच्या आधीच्या ईमेलचे लोकांनी काय केले आणि मजकुरातील लिंक कुठे नेते, हे ते तपासतात. शब्द ही त्यातील एक छोटी खूण. जुन्या ग्राहकाला पाठवलेल्या ईमेलमध्ये ‘अर्जंट’ असले तरी काही बिघडत नाही. नव्या डोमेनवरून एका दिवसात पाचशे अनोळखी लोकांना ईमेल पाठवले, तर अगदी साधी सब्जेक्ट लाइनही वाचवू शकत नाही.

त्यामुळे आधी दोष कुठे आहे, हे पाहावे लागते. स्वतःच्याच दुसऱ्या जीमेल खात्यावर एक ईमेल पाठवावा आणि तो संगणकावर उघडून मेनूतील ‘Show original’ हा पर्याय निवडावा. तिथे SPF, DKIM आणि DMARC या तीन तपासण्यांपुढे PASS दिसायला हवे. ईमेल खरोखर त्याच डोमेनवरून आला आहे, याची ती खूण. ईमेल परत आला आणि त्यात 550-5.7.26 हा क्रमांक दिसला, तर जीमेलला पाठवणाऱ्याची ओळख पटलेली नाही. अशा वेळी सब्जेक्ट लाइन कितीही बदलली तरी उपयोग नाही. डोमेन ज्याने घेऊन दिले, त्याच्याकडून नोंदी दुरुस्त करून घ्याव्या लागतात.

लहान कारखान्यांकडून आणखी एक चूक होते. पत्ता gmail.com चा असतो, पण ईमेल गुगलमधून न पाठवता एकगठ्ठा पाठवणाऱ्या एखाद्या सेवेतून पाठवला जातो. दुसऱ्याच सर्व्हरवरून आलेला gmail.com चा पत्ता तोतया ठरू शकतो. जीमेलचा पत्ता वापरायचा असेल, तर ईमेल जीमेलमधूनच आणि थोड्या संख्येने पाठवावेत.

चांगली ओळ कशी घडते?

एक कल्पित उदाहरण घेऊ. नागापूर एमआयडीसीत एका कारखान्याकडे दोन सीएनसी लेथ आहेत. तिथे २० ते ६० मिलिमीटर व्यासाचे बुश बनतात आणि एक पाळी रिकामी जाते. मालकाला चाकणच्या एका कंपनीच्या खरेदी व्यवस्थापकाला ईमेल पाठवायचा आहे. त्याच्यासमोर चार ओळी आहेत.

```
Re: Your pending enquiry
URGENT!!! BEST PRICE GUARANTEED
Introduction of our company
Turned bushes 20-60 mm, Ahilyanagar
```

पहिली ओळ सर्वांत जास्त वेळा उघडली जाण्याची शक्यता आहे आणि तीच सर्वांत घातक आहे. आधी कोणताही पत्रव्यवहार नसताना ‘Re:’ लावणे म्हणजे जुने संभाषण सुरू असल्याचा खोटा आभास निर्माण करणे. सब्जेक्ट लाइन खरी असावी, दिशाभूल करणारी नसावी, असे गुगलच्या नियमांतच आहे. शिवाय खरेदी व्यवस्थापक आपली चौकशी शोधू लागतो आणि ती सापडली नाही, की पाठवणाऱ्यावरचा विश्वास तिथेच संपतो. ज्याच्याकडून पुढे वर्षभर माल घ्यायचा, त्याने पहिल्याच ओळीत खोटे सांगितले, असे त्याच्या लक्षात राहते.

दुसऱ्या ओळीत घाई आहे, पण ती पाठवणाऱ्याची. वाचणाऱ्याला कसलीच घाई नाही. ड्रॉइंग न पाहता किमतीची हमी देता येत नाही, हेही त्याला ठाऊक असते. तिसरी ओळ प्रामाणिक आहे, पण रिकामी आहे. तिच्यातून कोणती वस्तू, कोणते माप, कोणते ठिकाण यांपैकी काहीच कळत नाही. अनेक पुरवठादारांच्या ईमेलवर हीच ओळ असल्याने ती नजरेआड होते.

चौथी ओळ ३५ अक्षरांची आहे. मोबाइलच्या पडद्यावर साधारण ३५ ते ४० अक्षरे दिसतात आणि पुढचा भाग कापला जातो. म्हणून वस्तूचे नाव सर्वांत आधी, मग माप आणि शेवटी ठिकाण, असा क्रम ठेवला आहे. ही ओळ सर्वांकडून उघडली जाणार नाही. ज्यांना बुश लागत नाहीत ते ती सोडून देतील आणि तेच योग्य आहे. सोडून देणारा माणूस तक्रार करत नाही. ज्याला बुश लागतात, त्याला आत तेच सापडते. चार महिन्यांनी गरज पडल्यावर त्याने मेलबॉक्समध्ये ‘bushes’ शोधले, तरी हा ईमेल पुन्हा वर येतो.

‘नागापूर’ की ‘अहिल्यानगर’?

ठिकाणाचे नाव लिहिताना इथे एक स्थानिक अडचण आहे. सुप्यातील कंपनीला ‘नागापूर एमआयडीसी’ म्हटले की लगेच कळते. चाकण किंवा राज्याबाहेरचा माणूस मात्र इंग्रजीतील ‘Nagapur’ हे घाईत ‘नागपूर’ असे वाचू शकतो. मग माल विदर्भातून येणार, वाहतूक महाग पडणार, असे समजून तो ईमेल बाजूला ठेवेल. म्हणून दूरच्या ग्राहकासाठी शहराचे नाव लिहिणे बरे.

त्यातही अहमदनगरचे अहिल्यानगर असे अधिकृत नामांतर ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. सब्जेक्ट लाइनमध्ये नवे नाव आणि वेबसाइटवर किंवा जुन्या प्रमाणपत्रावर जुने नाव दिसले, तर परप्रांतातील ग्राहकाला शंका येऊ शकते. सब्जेक्ट लाइनमध्ये एकच नाव ठेवून ईमेलखालील पत्त्यात ‘अहिल्यानगर, पूर्वीचे अहमदनगर’ असे लिहिले, की प्रश्न मिटतो. जिल्ह्यातील साखर कारखाना किंवा दूध संघाला लिहायचे असेल, तर मराठी सब्जेक्ट लाइन चालते. देवनागरी असल्यामुळे ईमेल तांत्रिकदृष्ट्या संशयास्पद ठरत नाही.

सब्जेक्ट लाइनपाठोपाठ काय दिसते?

बहुतेक ॲपमध्ये सब्जेक्ट लाइनच्या शेजारी किंवा खाली मजकुराची पहिली ओळ दिसते. तिथे ‘आशा आहे की आपण कुशल असाल’ असे लिहिले, तर ती जागा वाया जाते. आपल्या उदाहरणात ती ओळ अशी असू शकते : ‘आमच्याकडे दोन सीएनसी लेथ आहेत आणि एक पाळी रिकामी आहे. ड्रॉइंग पाठवल्यास दर कळवतो.’ सब्जेक्ट लाइनने जे सांगितले, तेच ही ओळ पुढे नेते. दोन्हींचा मेळ बसला नाही, तर खरी सब्जेक्ट लाइनही फसवी वाटते.

कायदा काय सांगतो?

भारतात नकोशा ईमेलसाठी स्वतंत्र कायदा नाही. ‘ट्राय’चे २०१८ चे नियम व्यावसायिक कॉल आणि एसएमएसपुरते आहेत. अमेरिकेतील ग्राहकांना लिहिणाऱ्या निर्यातदारांनी मात्र सावध राहायला हवे. तिथला २००३ चा ‘कॅन-स्पॅम’ कायदा फसव्या सब्जेक्ट लाइनला मनाई करतो आणि तो कंपन्यांना पाठवलेल्या व्यावसायिक ईमेललाही लागू आहे. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ‘ओल्ड नेव्ही’ या कपड्यांच्या कंपनीवरील दाव्यात राज्याच्या कायद्याचा अर्थ आणखी व्यापक केला. सब्जेक्ट लाइनमधील कोणतीही खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती त्या कायद्यात बसते, असे न्यायालयाने म्हटले. दावा सवलतीची मुदत आता संपणार, अशा धर्तीच्या ओळींबाबत होता. त्या राज्याच्या कायद्यात तेव्हा प्रत्येक ईमेलमागे ५०० डॉलरच्या भरपाईची तरतूद होती.

ओळ चालली की नाही, हे कसे ओळखायचे?

किती जणांनी ईमेल उघडला, हा आकडा आता भरवशाचा राहिलेला नाही. तो ईमेलमध्ये दडवलेल्या एका सूक्ष्म चित्रावरून मोजला जातो. ॲपलने २०२१ मध्ये आणलेल्या सोयीमुळे अनेक ग्राहकांच्या बाबतीत ते चित्र माणसाने ईमेल न उघडताही आपोआप उतरवले जाते. कंपन्यांच्या सुरक्षा प्रणालीही ईमेल आधी उघडून तपासतात. त्यामुळे ७० टक्के ‘ओपन’ दिसले, तरी प्रत्यक्षात किती जणांनी वाचले ते समजत नाही.

म्हणून उत्तरे मोजावीत. ‘सध्या गरज नाही’ हेही उत्तरच. ४० ईमेलमागे एका ओळीला दोन आणि दुसरीला चार उत्तरे आली, तर दुसरी ओळ दुप्पट चांगली ठरत नाही. एवढ्या कमी संख्येत तो योगायोग असू शकतो. त्यापेक्षा उत्तरांचा मजकूर पाहावा. लोक ड्रॉइंग पाठवत असतील किंवा क्षमता विचारत असतील, तर सब्जेक्ट लाइन योग्य माणसापर्यंत पोहोचली आहे. ‘ही चौकशी आम्ही कधी केली?’ असे विचारत असतील, तर ओळ तातडीने बदलावी. काहीच उत्तर येत नसेल, तर आधी ‘Show original’ तपासावे, नंतर पत्त्यांची यादी पाहावी आणि सब्जेक्ट लाइनला त्यानंतर हात लावावा.