व्युत्पत्ती म्हणजे इतिहास नव्हे

शब्दाचा व्युत्पत्तिजन्य अर्थ हाच त्याचा मूळ आणि म्हणून पहिला अर्थ होय, हे मत आपल्या कोशविचारात अद्याप प्रमाण मानले जाते. या क्रमाला ‘ऐतिहासिक’ म्हणण्याचीही प्रथा आहे. ही प्रथा भ्रामक आहे.

‘राजीनामा’ हा शब्द पाहू. फारसीत ‘राजी’ म्हणजे संमत आणि ‘नामा’ म्हणजे लेख. त्यामुळे पहिला अर्थ ‘संमतिपत्र’ ठरतो. पुढे वादी-प्रतिवादींमधील तडजोडीचा लेख, कुळाने वा खातेदाराने जमिनीवरील हक्क सोडत असल्याचे लिहून देणे आणि अखेरीस पदत्याग, असे अर्थ मांडले जातात. ही साखळी तर्कसंगत आहे. पण तर्कसंगती हा कालक्रमाचा पुरावा नव्हे. यांतील कोणता अर्थ मराठीत केव्हा आला, हे केवळ दिनांकित अवतरणेच सांगू शकतात. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ (१८८४–१९२८) ऐतिहासिक ठरते ती अशा अवतरणांमुळे, व्युत्पत्तीमुळे नव्हे. अवतरणे नसताना लावलेला क्रम हा कोशकाराचा तर्क असतो आणि त्याने तो तसा कबूल केला पाहिजे.

या गल्लतीचे परिणाम वाचकाला भोगावे लागतात. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. हे वाक्य वाचून कोश उघडणाऱ्या परभाषिकाला आधी ‘संमतिपत्र’ भेटले, तर तो नेमका उलटा अर्थ घेईल. कारण तो राजीनामा असंमतीचा होता.

जुना अर्थ मागे पडून नवा रुजला, हे ओळखावे कसे? शब्दाचे सोबती तपासावेत. तडजोडीच्या अर्थाला दोन पक्ष लागतात. पदत्यागाला एकच व्यक्ती पुरते. शिवाय आपण ‘राजीनामा मागितला’, ‘सक्तीने राजीनामा घेतला’ असे सहज म्हणतो. संमतीचा अर्थ जिवंत असता, तर ‘सक्तीचा राजीनामा’ हा वदतोव्याघात वाटला असता. तो वाटत नाही, हाच पुरावा होय.

नव्या शब्दाच्या प्रवेशालाही हीच कसोटी लावावी. शब्द कोणी घडवला अथवा तो शुद्ध आहे काय, हे प्रश्न गौण आहेत. परस्परांशी संबंध नसलेले लेखक काही वर्षे तो शब्द अवतरणचिन्हांशिवाय आणि स्पष्टीकरणाशिवाय वापरतात काय, हे पाहावे. या कसोटीला मर्यादा आहे: ती छापील मजकुराला झुकते माप देते आणि बोलींवर अन्याय करते. त्यावर उपाय बोलींतील नोंदी गोळा करणे हा आहे, व्युत्पत्तीचा आश्रय घेणे हा नव्हे.

सामान्य कोशाने प्रचलित अर्थ आधी द्यावा. ऐतिहासिक कोशाने सनांसह जुना अर्थ आधी द्यावा. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. सनांवाचून इतिहासाचा दावा करणारा तिसरा मार्ग मात्र शास्त्रीय नाही.