नको म्हणण्याची मोकळीक

१/ इतिहासाच्या चर्चेत एक आकडा वारंवार समोर फेकला जातो : १०० पैकी ६५ माणसे केवळ हुकूम झाला म्हणून निरपराध माणसाला प्राणघातक झटके देतात. नाझी छळछावण्यांपासून आपल्याकडच्या दंगलींपर्यंत सर्व काही या एका आकड्याने उलगडल्यासारखे वाटते. माझे मत वेगळे आहे. या प्रयोगाचा खरा धडा त्या आकड्यात नसून तो आकडा ज्या रीतीने मिळवला गेला, तिच्यात आहे.

२/ काळ १९६१चा. जेरुसलेममध्ये आइखमनवर खटला सुरू होता आणि आपण केवळ आज्ञापालन केले, असा त्याचा बचाव होता. त्याच वर्षी अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम या तरुण मानसशास्त्रज्ञाने आपले प्रयोग आरंभिले. स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी माणसे हवीत, तासाभराचे चार डॉलर आणि प्रवासखर्चाचे पन्नास सेंट मिळतील, अशी जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रात आली.

३/ येणाऱ्या माणसाला ‘शिक्षक’ केले जाई. चिठ्ठ्या टाकण्याचा देखावा होई; प्रत्यक्षात दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘शिक्षक’ असेच लिहिलेले असे. ‘विद्यार्थी’ झालेला गृहस्थ प्रयोगकर्त्यांच्याच बाजूचा होता. तो भिंतीपलीकडे बसे. त्याचे उत्तर चुकले की शिक्षकाने यंत्रावरील पुढचे बटण दाबायचे. १५ पासून ४५० व्होल्टपर्यंत एकूण ३० बटणे होती. झटके खोटे होते, पण शिक्षकाला ते ठाऊक नव्हते. पहिल्या प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जण अखेरच्या बटणापर्यंत गेले. ६५ टक्के आले ते येथून.

४/ परंतु हा एकच प्रयोग नव्हता. मिलग्रॅमने मांडणी पुनःपुन्हा बदलली. विद्यार्थ्याचा हात शिक्षकाने स्वतः धातूच्या पट्टीवर दाबून धरायचा, असे ठरताच अखेरपर्यंत जाणारे ३० टक्क्यांवर आले. हुकूम देणारा खोलीबाहेर जाऊन दूरध्वनीवरून बोलू लागला, तेव्हा जेमतेम पाचातला एक टिकला. शेजारी बसलेल्या दोन सहकाऱ्यांनी नकार दिला, तेव्हा ४० पैकी फक्त चौघे शेवटपर्यंत गेले.

५/ या शेवटच्या आकड्यामागे सॉलोमन ॲशचा प्रयोग आहे. १९५०च्या दशकात ॲशने रेषांची लांबी ओळखायला सांगून दाखवले होते, की गटातील सर्वजण उघड चुकीचे उत्तर देऊ लागले तर अनेकजण डोळ्यांसमोरचे सत्य सोडून गटाची री ओढतात. मात्र गटातला एक जण जरी खरे बोलला, तरी ही शरणागती झपाट्याने घटते. मिलग्रॅमने ॲशच्या हाताखाली काम केले होते. म्हणजे आज्ञाधारकपणा ही रक्तातून आलेली गोष्ट नव्हे. समोर कोण आहे, शेजारी कोण आहे आणि ‘नाही’ म्हणणारे कुणी दिसते का, यावर ती ठरते.

६/ आता नीतीचा प्रश्न. १९४७ साली न्यूरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांवरील खटल्याचा निकाल देताना न्यायालयाने माणसांवरील प्रयोगांसाठी दहा तत्त्वे सांगितली. पहिले तत्त्व : सहभागी व्यक्तीची स्वेच्छेने दिलेली संमती. नववे : प्रयोग मधेच सोडण्याची मोकळीक. ही तत्त्वे वैद्यकीय प्रयोगांच्या संदर्भात आली होती, हे खरे. पण येलच्या त्या खोलीत काय घडत होते ते पाहा. माणूस घामाघूम होऊन ‘मला थांबायचे आहे’ म्हणे, तेव्हा करड्या कोटातील प्रयोगकर्ता ठरलेली चार वाक्ये एकामागून एक ऐकवी. चौथ्याचा आशय असा, की तुम्हाला दुसरा पर्यायच नाही, पुढे गेलेच पाहिजे. नाझी गुन्ह्यांचा उलगडा करायला निघालेल्या प्रयोगाने त्या गुन्ह्यांतून जन्मलेले नववे तत्त्वच बाजूला सारले होते.

७/ १९६४ साली डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने यावर जाहीर टीका केली : जो माणूस विश्वासाने प्रयोगशाळेत येतो, त्याला असे अपमानित करून सोडणे योग्य नाही. मिलग्रॅमने उत्तर दिले, की नंतर पाठवलेल्या प्रश्नावलीत ८४ टक्के सहभागींनी भाग घेतल्याबद्दल समाधानच व्यक्त केले. पुढे जिना पेरी यांनी येलमधील कागदपत्रे व ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा दिसले की अनेकांना त्या दिवशी पूर्ण सत्य सांगितलेच नव्हते. गावात बातमी फुटेल, ही भीती होती. झटके खोटे होते, हे अशांना कळले ते महिन्यांनंतर टपालाने आलेल्या अहवालातून. तोवर ही माणसे आपण कुणाला इजा केली, हे ओझे घेऊन जगत होती. ‘विज्ञानासाठी’ हा शब्द जसा शिक्षकाच्या खुर्चीतील माणसाला पुढे ढकलत होता, तसाच तो मिलग्रॅमलाही ढकलत होता, असे मला वाटते.

८/ मग नियम केले की प्रश्न सुटतो का? जेरी बर्गर यांनी हा प्रयोग सौम्य रूपात पुन्हा करून २००९ साली प्रसिद्ध केला. १५० व्होल्टवर तो थांबवला जाई, कारण विद्यार्थी तेथेच प्रथम सुटकेची मागणी करतो. सहभागींना आधी तीनदा सांगितले होते, की केव्हाही उठून जा, पैसे तुमचेच राहतील. तरीही ७० टक्के माणसे पुढचे बटण दाबायला तयार होती. मोकळीक दिल्याचे सांगणे आणि ती मोकळीक माणसाला जाणवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

९/ हे मला पुस्तकाने नव्हे, सोनपेठमध्ये एका आजींनी शिकवले. रझाकारांच्या आणि १९४८च्या पोलीस ॲक्शनच्या आठवणी मी माझ्या प्रबंधिकेसाठी नोंदवत होतो. ‘सहभाग ऐच्छिक आहे’ असे छापलेला संमतिपत्राचा कागद मी वाचून दाखवला, आजींनी अंगठा उमटवला. तासाभराने, एका रात्रीची हकिकत सांगताना त्या अडखळल्या. मी म्हणालो, “आजी, नसेल सांगायचं तर राहू द्या.” त्या चकित झाल्या. म्हणाल्या, “राहू दिलं तर चालतंय व्हय? कालिजातून आलास म्हणल्यावर मला वाटलं, सांगावंच लागतंय.”

१०/ तो कागद नियमानुसार निर्दोष होता. तरी त्या खोलीतला करडा कोट माझ्याच अंगावर होता. मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नीतितत्त्वे तयार झाली; अशी तत्त्वे हवीतच. पण मौखिक इतिहास गोळा करणाऱ्या आपल्यासारख्यांनी एवढ्यावर थांबू नये. संमती एकदा सुरुवातीला नव्हे, तर माणूस जेथे अडखळतो तेथे पुन्हा विचारावी. आणि ‘नको’ हे उत्तर आल्यावर ध्वनिमुद्रण खरोखर बंद करावे.

११/ मी ते बंद केले. आजींनी त्या रात्रीविषयी नंतर पुष्कळ सांगितले. ते माझ्या प्रबंधिकेत नाही. तेथे एक कोरी जागा आहे. परीक्षकांनी विचारले तर मी सांगेन, की संपूर्ण कामात ज्याविषयी माझ्या मनात शंका नाही, असे तेवढेच एक पान आहे.