टक्क्यांचा रकाना

ग्रॅच्युइटीच्या 1972च्या कायद्यासोबत आलेला ‘एफ’ नमुना नोकरदार बहुधा जेवणाच्या सुट्टीत, घाईघाईत भरतो. नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं, वय लिहिताना अडत नाही. गाडी अडते हिश्श्याच्या रकान्यात. समजा, कुणी पत्नीला पन्नास, आईला तीस आणि मुलीला वीस टक्के लिहिले. बेरीज शंभर. पुढे आई आधी गेली, तर तिचे तीस टक्के आपोआप सुनेकडे किंवा नातीकडे जात नाहीत; ते कर्मचाऱ्याकडे परततात आणि त्याने नवं नामनिर्देशन करायचं असतं. हे बहुतेकांच्या गावीही नसतं. कुटुंब असताना भावाचं नाव लिहिलं, तर ते नामनिर्देशनच रद्दबातल, कारण कायद्याच्या व्याख्येतल्या कुटुंबात भाऊ येत नाही. (भाऊबंदकीचा अनुभव असलेल्याच कुणीतरी व्याख्या लिहिली असावी!) मजकुराखाली दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. सही आपल्यासमोर झाली, एवढंच ते सांगतात. वाटणी योग्य आहे की नाही, याच्याशी त्यांचा संबंध नाही. अर्ज दोन प्रतींत द्यायचा, त्यातली मालकाने साक्षांकित केलेली प्रत परत मागून घ्यायची आणि ती घरच्यांना ठाऊक असलेल्या जागी ठेवायची.